परीक्षेसाठी सहा आठवडे गायब होण्याआधी जवळच्या माणसाला पाठवायचा मेसेज: कसा लिहायचा, कधी पाठवायचा, कुठं फसतो

परीक्षा दीड-दोन महिन्यांवर आली की माझ्या फोनवर स्क्रीनशॉट यायला लागतात. आतेभाऊ, त्याचे सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेतले मित्र, मग मित्रांचे मित्र, सगळ्यांचं एकच, ताई हे पाठवू का. आणि दहातले आठ जण पाठवून झाल्यावरच विचारतात, समोरून फक्त "ठीक आहे" आलेलं असतं आणि पुढं काय करायचं ते कळत नसतं. सगळे मेसेज साधारण असे:

"हाय, पुढचे दीड महिने मी खूप बिझी आहे गं, एक्झाम आहे. वेळ मिळाला की फोन करतो. तू समजूतदार आहेस म्हणून सांगतोय. लव्ह यू, काळजी घे."

यात खोटं काही नाही. पण वाचणाऱ्याला काय कळलं बघा, बोलणं कमी होणार एवढंच. किती कमी, कधीपर्यंत, आपण फोन करायचा का नाही, यातलं काहीच नाही. मी स्वतः कधीकाळी अशा मेसेजच्या दुसऱ्या टोकाला होते म्हणून सांगते, त्रास कमी बोलण्याचा नसतो, आज फोन येणार का नाही या अंदाजाचा असतो. रोज रात्री फोन हातात धरून बसायचं आणि साडेअकराला झोपायचं.

खाली आतेभावाचीच केस घेतलीय, दोघांना विचारून. तो जुळे सोलापूरला राहतो, एमपीएससी करतो. त्याची मैत्रीण अशोक चौकातली, पुण्यात हिंजवडीला जॉब. परीक्षा १ डिसेंबर २०२४ ची राज्यसेवा पूर्व. मित्र असो, बहीण असो, नवरा असो, क्रम हाच चालतो.

१. लिहायच्या आधी कॉल लॉग उघडा

कमी काय होणार ते सांगायचं तर आत्ता किती चाललंय ते माहीत पाहिजे ना. मागच्या सात दिवसांचे कॉल मोजा, फोनवरचे आणि व्हॉट्सॲपवरचे दोन्ही. आतेभावाला वाटत होतं "रोज दहा-पंधरा मिनिटं बोलतो फक्त", मोजले तर अकरा कॉल आणि मिळून जवळपास पाच तास निघाले, चॅटिंग वेगळंच. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की आपण तिच्या आठवड्यातून पाच तास काढून घेणार आहोत. "थोडं कमी बोलू" हे वाक्य त्यानं तिथंच खोडलं.

हा आकडा मेसेजमध्ये लिहायचा नाही हां, तो तुमच्यासाठी आहे.

२. जो वेळ देणार म्हणताय तो आधी तीन दिवस गुपचूप देऊन बघा

लोक ही पायरी सोडतात आणि मग दुसऱ्या आठवड्यात फसतात. आतेभावाचा पहिला प्लॅन भारी होता, रोज रात्री दहाला वीस मिनिटं. तिला काही न सांगता तीन दिवस करून बघ म्हणलं. पहिल्या दिवशी वीसची पन्नास मिनिटं झाली, दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच झोपला, तिसऱ्या दिवशी फोन केला पण नुसतं हं हं करायला लागला, डोक्यात राज्यघटनेची कलमं. मग म्हणे सकाळी सातला करतो. आता सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको, आमच्याकडं रोज पाणी येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाटेपासून घरात पाइप, मोटार आणि आरडाओरडा, त्यात कसला फोन.

शेवटी टिकलं ते इतकंच. दुपारी दीडला डबा खाताना एक-दोन मिनिटांची व्हॉइस नोट, कारण जेवायला तो उठणारच. बुधवारी रात्री सव्वानऊला, अभ्यासिकेतून निघाल्यावर, वीस मिनिटं. रविवारी संध्याकाळी सातला पाऊण तास, रविवारी सकाळी टेस्ट सिरीज असते म्हणून संध्याकाळ.

पाच तासांचा सव्वा-दीड तास झाला, हे त्यालाही लागलं. पण मन राखायला मोठा आकडा सांगायचा आणि मग तो मोडायचा, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

*तपासा: तुमच्या सगळ्यात वाईट दिवशी, म्हणजे टेस्टमध्ये मार्क घसरलेत, डोकं दुखतंय, लाईट गेलीय, अशा दिवशी पण हे जमेल का? नाही वाटलं तर अजून कमी करा.*

३. मधल्या काळातल्या तिच्या तारखा लिहून काढा

तुमच्या नव्हे, तिच्या. आठवून जमतायत का बघा, नाही जमल्या तर जुनं चॅट चाळा. इथं दोन निघाल्या. एक, १४ ऑक्टोबरला तिचं ऑफिसात प्रेझेंटेशन. दुसरी, दिवाळी. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, २ ला पाडवा, ३ ला भाऊबीज, आणि ती चार दिवस सोलापूरला येणार. म्हणजे सहा आठवड्यांत एकदाच ती गावात आणि त्यातच हा अभ्यासिकेत.

मेसेजमध्ये दिवाळीचं नाव काढलं नाही तर ती विचारणार, किंवा वाईट म्हणजे विचारणारच नाही, मनात धरून बसेल. त्यामुळं अशी अडचणीची तारीख तुम्हीच आधी काढायची, "बघू" न म्हणता वार आणि वेळ सांगून. त्यानं घरच्यांशी बोलून पाडव्याची संध्याकाळ ५ ते ८ मोकळी केली. तीनच तास, पण पक्के.

आणि एक जुनी जखम होती. हीच परीक्षा आधी २५ ऑगस्टला होती, त्याच दिवशी आयबीपीएसची पण आली, मुलं रस्त्यावर उतरली आणि ऐन तोंडावर ती पुढं ढकलली गेली. त्यानं जुलैमध्ये तिला "फक्त २५ ऑगस्टपर्यंत सांभाळून घे" म्हणून सांगितलेलं. तिनं घेतलंही. आणि मग काय, परत तेच. तुमच्याकडं असं एखादं मोडलेलं वचन असेल तर नवीन मेसेजमध्ये त्याचा उल्लेख पाहिजेच, नाहीतर वाचणारा पहिल्या ओळीलाच म्हणतो, झालं परत सुरू.

४. आता लिहा, पण या क्रमानं

सुरुवात तिच्या आयुष्यातल्या एका गोष्टीनं, आणि ती गोष्ट दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही अशी पाहिजे. "कशी आहेस" चालत नाही. मग परीक्षा कुठली आणि तारखा. मग काय बंद होणार, सरळ. त्याच्या लगेच खाली काय चालू राहणार. हे दोन शेजारी शेजारीच ठेवा, मध्ये माफी-बिफी घालू नका, कारण "बंद" वाचल्यावर माणूस पुढचं घाईनं वाचतो, त्याला चटकन सापडायला हवं. त्यानंतर अडचणीची तारीख, मग अर्जंट असेल तर काय करायचं, मग जुनी जखम असेल तर ती. शेवटी तिला बदल सुचवायला जागा.

आतेभावानं पाठवलेला मेसेज हा:

"अगं कालचं प्रेझेंटेशन झालं का नीट? ती शेवटची स्लाईड काढून टाकलीस का ठेवलीस ते सांग मला. एक लिहून ठेवतो, फोनवर बोललोय थोडं पण लिहिलं की दोघांना परत बघता येतं.

१ डिसेंबरला पूर्व आहे. या रविवारपासून, म्हणजे २० तारखेपासून, मी सकाळी ७ ते रात्री ९ अभ्यासिकेत, फोन खिशात सायलेंट. दिवसभराचं चॅटिंग आणि रात्रीचे लांब कॉल सहा आठवडे बंद. चालू राहणार ते हे: रोज दीडला जेवताना एक व्हॉइस नोट. बुधवारी सव्वानऊला वीस मिनिटं, रविवारी संध्याकाळी सातला पाऊण तास. दोन्ही कॉल मीच लावणार, तू वाट बघायची नाहीस, पाच मिनिटं उशीर झाला तर ओरड.

दिवाळीत तू येशील तेव्हा पाडव्याला ५ ते ८ मी तुझ्यासोबत, घरी सांगितलंय. बाकीचे तीन दिवस अभ्यासिकेतच असणार, त्याचा राग येणार हे माहितेय मला.

काही अर्जंट असलं, किंवा अर्जंट नसून नुसतं रडू येत असलं तरी, लागोपाठ दोनदा कॉल कर. मी बाहेर येऊन उचलतो. रात्री अकराला ऑनलाईन दिसलो तर अभ्यास करत नसेन, रील बघत असेन, डोकं चालत नसतं तेव्हा. तुला टाळत नसतो.

ऑगस्टला 'एवढं झालं की संपलं' म्हणालो आणि परीक्षाच पुढं गेली, त्यात तुझे दोन महिने गेले. यावेळी पण तारीख माझ्या हातात नाही. परत हलली तर हेच ओढत न्यायचं नाही, नव्यानं ठरवू.

यातलं काय चालणार नाही ते सांग. वार बदलायचा असेल तर बदलू. तिन्नावा?"

शेवटचा शब्द तेलुगू आहे, जेवलीस का म्हणून. तिच्या घरी तेलुगू बोलतात आणि ह्याला तेवढाच एक शब्द नीट येतो. मला विचाराल तर अख्ख्या मेसेजमधलं प्रेम त्या एका शब्दात आणि त्या शेवटच्या स्लाईडमध्ये आहे. "लव्ह यू" कुठंच नाही, आणि कमी पण पडत नाही. तुमच्या दोघांत असा जो काही शब्द असेल तो शेवटी ठेवा, उगाच दुसऱ्याचा उचलू नका.

रीलचं वाक्य तो काढणार होता, लाज वाटते म्हणे. ठेव म्हणलं. सगळ्यात जास्त भांडणं "ऑनलाईन होतास की" यावरूनच होतात. लास्ट सीन बंद करून ठेवणं हा उपाय नव्हे, रोज दिसणारी गोष्ट एकदम दिसेनाशी झाली की संशय दुप्पट.

५. पाठवायच्या आधी ही वाक्यं शोधून खोडा

"वेळ मिळाला की फोन करतो." हे सगळ्यात वाईट. यात तिची प्रत्येक संध्याकाळ अडकते.

"तू समजूतदार आहेस." कौतुक वाटतं, पण असतं कुलूप. एकदा समजूतदार म्हणलं की बिचारीनं तक्रार कशी करायची?

"हे सगळं आपल्यासाठीच करतोय." खरं असेलही, पण तिनं मागितलेलं नसताना तिच्या डोक्यावर ठेवलेलं ओझं आहे ते. उद्या पूर्व निघाली नाही तर?

"परीक्षा झाली की गोव्याला जाऊ." उधारीचं प्रेम. सहा आठवडे कसे जाणार हा प्रश्न आहे आणि तुम्ही सातव्या आठवड्याचं उत्तर देताय. नंतर द्यायचंच असेल तर न सांगता द्या.

आणि सॉरी जास्तीत जास्त एकदा. पाचदा सॉरी आलं की समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं, अरे नाही रे, इट्स ओके, तू कर अभ्यास. मेसेज तिच्यासाठी होता ना?

*तपासा: मेसेज मोठ्यानं वाचा. ऑफिसातल्या रजेच्या अर्जासारखा ऐकू आला तर पहिली आणि शेवटची ओळ परत लिहा, मधला भाग तसाच राहू द्या. वेळा-तारखा कोरड्याच असतात, त्या गोड करायच्या भानगडीत पडू नका.*

६. कधी पाठवायचा

अभ्यास सुरू व्हायच्या चार-पाच दिवस आधी. आतेभावानं मंगळवारी १५ तारखेला पाठवला, सुरुवात रविवारी २० ला. मधल्या दिवसांत तिला उलट बोलायला, वार बदलायला वेळ मिळतो. ज्या दिवशी सुरू त्याच दिवशी पाठवला तर ती नुसती नोटीस होते.

आधी फोनवर दोन मिनिटं तोंडी सांगा, मग लिहा. भांडण झाल्यावर चोवीस तासांत पाठवू नका, शिक्षा वाटते. रात्री बारानंतर नको, तिच्या ऑफिसच्या वेळेत नको. तो मेसेज संध्याकाळी साडेसातला गेला, ती कॅबमधून रूमवर पोचल्यावर. आणि स्टेटसला "बिझी फॉर एक्झाम" ठेवून काम भागवणाऱ्यांनो, ते जगाला सांगणं झालं, तिला नाही.

७. पाठवल्यावर लगेच दोन सेटिंग

मेसेजमध्ये "दोनदा कॉल कर" लिहिलंय ना, मग फोन दुसऱ्यांदा खरंच वाजला पाहिजे. डू नॉट डिस्टर्बमध्ये लागोपाठ आलेला कॉल आत येऊ द्यायची सोय असते. आयफोनवर तीन मिनिटांत त्याच माणसाचा दुसरा कॉल आला तर तो लागतो, अँड्रॉइडवर साधारण पंधरा मिनिटांत. सेटिंग चालू करा आणि घरातल्या कुणाला तरी दोनदा कॉल करायला लावून बघा. आतेभावाचा पहिल्यांदा वाजलाच नाही, कारण सेटिंगच बंद होती. कल्पना करा, तिनं रडत दोनदा फोन केलाय आणि हा खिशात फोन ठेवून भूगोल वाचतोय. अभ्यासिकेत रिंग नको, व्हायब्रेट ठेवा, आणि फोन बॅगेत नाही तर खिशात.

दुसरं, तो मेसेज चॅटमध्ये पिन करा म्हणजे वर राहतो, शोधावा लागत नाही. व्हॉट्सॲपवर पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो आणि तुमचे दिवस आहेत ४२, म्हणजे महिन्यानं परत करावा लागतो. वेळ किंवा वार लिहायला चुकला असेल तर पंधरा मिनिटांत एडिट करता येतं, त्यानंतर नाही.

८. उत्तर आलं "ठीक आहे", आता?

"ठीक आहे" म्हणजे होकार समजू नका. त्यावर "थँक्यू समजून घेतल्याबद्दल" पाठवलं की विषय तुम्हीच संपवला. एकच प्रश्न विचारा, नेमका: "दिवाळीचं वाईट वाटलं का?" किंवा "बुधवार जड जाईल का?" गोल गोल "काय झालं, बोल ना" नको.

इथं तिनं दीड तासानं लिहिलं की बुधवारी तिच्या टीमचा कॉल कधीकधी साडेनऊपर्यंत जातो, गुरुवार कर. दुसरं म्हणजे, मला पण व्हॉइस नोट पाठवायच्यात, पण तू त्या कधी ऐकणार ते सांग, नाहीतर मी विहिरीत बोलल्यासारखं वाटतं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग ठरलं, तिच्या नोट रात्री नऊला गाडी काढायच्या आधी ऐकायच्या आणि एका ओळीचं उत्तर द्यायचं. मला वाटतं सहा आठवडे टिकले ते जास्त करून या एका बदलामुळं.

राग आला, भांडण झालं, तर त्या दिवशी प्लॅन समजावत बसू नका. ऐका. मेसेज पिन आहे, कुठं पळून जात नाही.

९. मध्ये चुकलात तर

चुकणारच. एका गुरुवारी आतेभाऊ झोपून गेला. सकाळी उठून तीन परिच्छेदांची माफी लिहायला बसला होता, तीही आईच्या मोबाईलवरून मला दाखवत. सगळं पुसून एवढंच पाठवायला लावलं: "काल झोपलो, कॉल चुकला. आज सव्वानऊला लावतो." आणि लावला. चुकलेला कॉल चोवीस तासांत भरून काढायचा, व्हॉइस नोट चुकली तर ती सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशी दोन पाठवू नका.

लागोपाठ दोन कॉल चुकले तर मात्र वेळच चुकीची निवडलीय, इच्छाशक्तीला दोष देऊ नका, वेळ बदला आणि पिन केलेल्या मेसेजच्या जागी नवा टाका.

आणि तारीख पुढं गेली तर? बातमी तिला ग्रुपवरून किंवा टीव्हीवरून कळायच्या आत तुमच्याकडून कळली पाहिजे. त्या दिवशी जुना प्लॅन संपला असं धरा, दोन-तीन दिवस नॉर्मल बोला, मग नवीन तारखेचा नवीन मेसेज, पायरी एकपासून. जुनाच प्लॅन "अजून थोडे दिवस" म्हणून ओढला की झालं, जुलै-ऑगस्टमध्ये नेमकं हेच झालेलं.

१०. परीक्षेचा दिवस

आदल्या दिवशी सांगून ठेवा की उद्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन बंद. पूर्वचे दोन पेपर एकाच दिवशी असतात, मध्ये मोठी सुट्टी, आणि केंद्रात मोबाईल नेता येत नाही. हे माहीत नसलेला माणूस दुपारी फोन लावून लावून हैराण होतो, दोनदा लावला तरी लागत नाही म्हणून अजूनच.

पेपर सुटल्यावर गेटबाहेर मित्र उत्तरं जुळवत उभे असतात, त्यात अडकलात तर तास जातो. आधी तिला फोन. आतेभावानं १ डिसेंबरला संध्याकाळी केंद्राबाहेरच्या चहाच्या गाड्यावरून फोन लावला, पेपर कसा गेला ते तिनं विचारायच्या आत म्हणाला, "तू बोल, मला दीड महिन्याचं सगळं ऐकायचंय, पहिल्यापासून." ती म्हणाली पहिल्यापासून सांगायला लागले तर तुझा चहा गार होईल. चहा गार झाला म्हणे, आणि गाडेवाल्यानं गाडा आवरला तरी हा तिथंच उभा.